एकाच कन्फ्युजन मॅट्रिक्समधून चार उत्तरं निघतात, क्विझमध्ये प्रिसिजन कुठलं धरायचं?

शर्वरी_सांगली · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि क्रेडिटसाठी मशीन लर्निंगचा एक ऑनलाइन कोर्स करते आहे. या आठवड्याच्या क्विझमधला चौथा प्रश्न चुकला आणि का चुकला तेच कळत नाहीये. प्रश्न असा होता: "खालील मॅट्रिक्स स्पॅम मेल ओळखणाऱ्या मॉडेलची आहे. मॉडेलचं प्रिसिजन किती?"

```
50  10
 5  35
```

पर्याय: (अ) ०.७८ (ब) ०.८३ (क) ०.८७५ (ड) ०.९१

मी असं केलं: खालचे उजवीकडचे ३५ म्हणजे स्पॅम असलेले आणि स्पॅम म्हणूनच ओळखलेले. त्यांच्या डोक्यावरचे १० म्हणजे चांगले मेल, पण मॉडेलने स्पॅम ठरवले. म्हणून ३५ भागिले ४५, म्हणजे ०.७८. उत्तर चूक दाखवलं. बरोबर उत्तर म्हणून (ब) आहे. हरकत नोंदवायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. माझं कुठे चुकलं ते सांगाल का? मॅट्रिक्सला बाजूला किंवा वर काहीही लिहिलेलं नव्हतं, जसं दिलं तसंच इथे उतरवलं आहे.

बाबा_ठाणे · मंगळवार, रात्री १०.०५

बेटा, मला तर प्रश्नच चुकीचा वाटतोय. बरोबर ओळखलेले ५० आणि ३५, मिळून ८५. एकूण १००. उत्तर ०.८५ यायला हवं आणि ते पर्यायातच नाही. माझी मुलगी दहावीला आहे, तिला सीबीएसईत एआय हा विषय आहे, त्यामुळे हे हल्ली आमच्या घरी रोज चालतं. सरळ हरकत नोंदव.

डेटा_चिंचवड · मंगळवार, रात्री १०.२२

काका, तुम्ही काढलंत ती अॅक्युरसी. त्यांनी प्रिसिजन विचारलंय.

शर्वरी, तुझं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. आडव्या ओळी म्हणजे खरं काय होतं, उभे कॉलम म्हणजे मॉडेल काय म्हणालं. आधी शून्य, मग एक. हा नियम आहे. सायकिट-लर्नमध्ये चालवून बघ:

```python
from sklearn.metrics import confusion_matrix
y_true = [0]*60 + [1]*40
y_pred = [0]*50 + [1]*10 + [0]*5 + [1]*35
print(confusion_matrix(y_true, y_pred))
# [[50 10]
#  [ 5 35]]
```

हुबेहूब तुझीच मॅट्रिक्स. `precision_score` चालवलंस की ०.७७७ येईल. कोर्सवाल्यांची उत्तरपत्रिका चुकली आहे. हाच कोड हरकतीला जोडून पाठव.

अनघा_जो · मंगळवार, रात्री ११.१५

थांबा, हरकत पाठवायच्या आधी चारही पर्याय एकदा नीट बघा. मी पदवीला संख्याशास्त्र शिकवते आणि असे प्रश्न काढतेही. इथे प्रश्न काढणाऱ्याने हवेत आकडे लिहिलेले नाहीत. चारही पर्याय याच मॅट्रिक्सचं खरोखरीचं प्रिसिजन आहेत. मॅट्रिक्स कशी वाचायची तेवढं बदलतं.

बघा, दोन गोष्टी सांगितलेल्याच नाहीत. एक, स्पॅम वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे की खालच्या उजव्या. दोन, आडव्या ओळीत खरं काय ते आहे की मॉडेलचं म्हणणं. दोन प्रश्नांची दोन-दोन उत्तरं, म्हणजे एकूण चार वाचनं.

स्पॅम खाली उजवीकडे आणि ओळीत सत्य: मॉडेलने ज्यांना स्पॅम म्हटलं ते सगळे दुसऱ्या कॉलममध्ये, १० आणि ३५. ३५/४५, ०.७८. शर्वरीने हेच केलं.

स्पॅम खाली उजवीकडे, पण ओळीत मॉडेलचं म्हणणं: आता स्पॅम म्हटलेले दुसऱ्या ओळीत आहेत, ५ आणि ३५. ३५/४०, ०.८७५.

स्पॅम वर डावीकडे आणि ओळीत सत्य: पहिला कॉलम, ५० आणि ५. ५०/५५, ०.९१.

स्पॅम वर डावीकडे आणि ओळीत मॉडेलचं म्हणणं: पहिली ओळ, ५० आणि १०. ५०/६०, ०.८३. उत्तरपत्रिकेतलं (ब) हे आहे.

म्हणजे उत्तर चुकलं असं म्हणण्यापेक्षा प्रश्न अपुरा आहे, असं म्हणावं लागेल. आणि हेच पर्याय निवडले आहेत याचा अर्थ, ज्याने प्रश्न काढला त्याला ही चार वाचनं माहीत आहेत. मुलं उलटं वाचतात का, हेच त्याला तपासायचं होतं. फक्त सुलटं कुठलं ते सांगायचं राहून गेलं.

बाबा_ठाणे, तुमच्या आकड्यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. अॅक्युरसी चारही वाचनांत ०.८५ च येते. कर्णावरचे दोन आकडे मॅट्रिक्स कशीही फिरवली तरी कर्णावरच राहतात. त्यामुळे शीर्षकं नसलेल्या मॅट्रिक्सवर फक्त अॅक्युरसीचा प्रश्न विचारला तर तो न्याय्य असतो. प्रिसिजन आणि रिकॉलचा नसतो.

डेटा_चिंचवड · मंगळवार, रात्री ११.३१

मॅडम, तुमचा हिशेब पटला, पण प्रत्यक्षात सगळे पायथॉनच वापरतात ना? मी सहा वर्षं या कामात आहे, ओळीत सत्य याखेरीज दुसरं काही पाहिलेलं नाही. एक पद्धत सर्वमान्य झाली असेल तर ती गृहीत धरायला काय हरकत आहे?

निखिल_आर · बुधवार, सकाळी ७.५०

सर्वमान्य नाही हो. मी शेतीच्या प्रयोगांचं विश्लेषण आर मध्ये करतो. तिथल्या `caret` पॅकेजमध्ये `confusionMatrix` चालवलं की पडद्यावर असं येतं:

```
          Reference
Prediction spam ham
      spam   50  10
      ham     5  35
```

डावीकडे मॉडेलचं म्हणणं, वर सत्य. तुमच्या बरोबर उलट. शिवाय वेगळं काही सांगितलं नाही, तर फॅक्टरची पहिली लेव्हल पॉझिटिव्ह धरली जाते. म्हणजे पॉझिटिव्ह वर डावीकडे. सायकिट-लर्नच्या तुलनेत दोन्ही गोष्टी उलट्या. माझ्या हातात ही मॅट्रिक्स आली असती तर मी डोळे झाकून ०.८३ लिहिलं असतं.

मॅटलॅबमध्ये तर एकाच घरात दोन रीती आहेत. `confusionmat` ओळीत सत्य ठेवतं आणि `plotconfusion` ओळीत मॉडेलचं उत्तर ठेवतं. एकदा एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात तक्ता एकाचा आणि आकृती दुसऱ्याची होती. संवेदनशीलतेचे दोन वेगळे आकडे कसे आले, ते शोधण्यात अख्खी दुपार गेली होती.

शर्वरी_सांगली · बुधवार, सकाळी ९.१०

बापरे, एवढं असेल असं वाटलं नव्हतं. अनघा मॅडम, निखिल सर, मनापासून आभार. सकाळी उठून कोर्सचे व्हिडिओ परत बघितले. तिसऱ्या आठवड्यात एकाच स्लाइडवर तक्ता आहे. वर सत्य, डावीकडे भाकीत, आणि स्पॅम आधी लिहिलेला. म्हणजे (ब). पण क्विझच्या प्रश्नात त्या स्लाइडचा उल्लेख नाही. आणि त्याच क्विझमधल्या सातव्या प्रश्नात थेट पायथॉनचं आउटपुट दिलंय, कंसांसकट. त्याचं बरोबर उत्तर मात्र ओळीत सत्य धरून काढलेलं आहे! एकाच क्विझमध्ये दोन रीती.

परीक्षेत असा शीर्षक नसलेला तक्ता आला तर ओळखायचं कसं? का नशिबावर सोडायचं?

अनघा_जो · बुधवार, दुपारी १.४५

नशिबावर सोडायची वेळ क्वचितच येते, कारण बहुतेक प्रश्नांच्या मजकुरात एखादा आकडा असतो. मुलं तो वाचून पुढे जातात. "१०० मेलपैकी ४० स्पॅम होते" असं वाक्य प्रश्नाच्या सुरुवातीला असतं आणि सगळ्यांचं लक्ष तक्त्याकडे असतं.

मी वर्गात पहिल्यांदा तक्त्याच्या कडेला बेरजा लिहायला लावते. पेन्सिलने, सूत्राचा विचार करायच्या आधी:

```
50  10 | 60
 5  35 | 40
-------
55  45
```

आता चार बेरजा मिळाल्या: ६०, ४०, ५५, ४५. चारही वेगळ्या आहेत. प्रश्नात "४० स्पॅम होते" असं असेल, तर ४० कुठे आहे बघा. दुसऱ्या ओळीची बेरीज. म्हणजे ओळी सत्याच्या आहेत आणि स्पॅमची ओळ दुसरी. उत्तर ०.७८. "५५ स्पॅम होते" असं असेल, तर ५५ ही पहिल्या कॉलमची बेरीज. म्हणजे सत्य कॉलममध्ये, स्पॅम पहिला. उत्तर ०.८३. प्रश्नात उलट बाजूने, "मॉडेलने ४५ मेल स्पॅम ठरवले" असं असेल, तर दुसरा कॉलम मॉडेलच्या स्पॅमचा झाला आणि पुन्हा ०.७८. "होते" आणि "ठरवले" या दोन क्रियापदांवर सगळं अवलंबून आहे, ती अधोरेखित करा.

ही युक्ती कुठे अडते तेही सांगते. निम्मे-निम्मे असतील तिथे. समजा तक्ता असा आहे:

```
45   5 | 50
15  35 | 50
-------
60  40
```

आणि प्रश्नात म्हटलंय "१०० पैकी ५० स्पॅम". ओळी सत्याच्या आहेत हे कळलं, पण स्पॅमची ओळ पहिली की दुसरी हे कळत नाही. पहिली धरली तर प्रिसिजन ४५/६०, म्हणजे ०.७५. दुसरी धरली तर ३५/४०, म्हणजे ०.८७५. इथे मजकुरातून काहीच हाती लागत नाही. कोर्समध्ये कुठली रीत वापरली आहे तेच बघावं लागतं.

याउलट कर्णाबाहेरचे दोन आकडे सारखे असतील, समजा दोन्ही ८, तर ओळी सत्याच्या की मॉडेलच्या याची चिंता करायचं कारण नाही. तेव्हा प्रिसिजन आणि रिकॉल एकच येतात. पॉझिटिव्ह कुठला एवढंच ठरवायचं उरतं.

आणि एक सवय. उत्तर लिहिताना आपण कुठलं वाचन धरलं ते एका ओळीत लिहा. लेखी परीक्षेत मी अशा मुलांना पूर्ण गुण देते. ऑनलाइन क्विझमध्ये ती सोय नसते, हे मान्य.

मंगल_नाशिक · बुधवार, संध्याकाळी ६.३०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मशीन लर्निंगशी संबंध नाही. भाच्याने हा धागा पाठवला, म्हणून वाचला. तुम्ही ज्याला रिकॉल म्हणता ते आमच्याकडे सेन्सिटिव्हिटी, आणि प्रिसिजन म्हणजे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, बरोबर ना? आम्हाला डीएमएलटीला शिकवलेल्या तक्त्यात आजार कायम वर असायचा, आहे आणि नाही. चाचणीचा निकाल डावीकडे, पॉझिटिव्ह आधी. त्यामुळे निखिल म्हणतात ती मांडणी मला अगदी ओळखीची वाटली.

माझी शंका वेगळी आहे. किटच्या माहितीपत्रकावर सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी छापलेली असते, पण हे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह म्हणजे तुमचं प्रिसिजन बऱ्याचदा नसतंच. आणि आमच्याकडे एखादं शिबिर झालं की डॉक्टर विचारतात, "एवढे पॉझिटिव्ह आले, त्यातले खरे किती?" मी किटवरचा आकडा सांगते. ते मान हलवतात, पण पटलेलं नसतं. मी चुकीचा आकडा सांगते आहे का?

अनघा_जो · बुधवार, रात्री १०.२०

मंगलताई, दोन्ही नावं तुम्ही बरोबर जुळवलीत. आणि डॉक्टरांचा प्रश्न प्रिसिजनचाच आहे, त्यामुळे सेन्सिटिव्हिटीचा आकडा त्याचं उत्तर होऊ शकत नाही. का, ते शर्वरीच्याच तक्त्यावर करून बघू, नवे आकडे नकोत.

शर्वरीचं वाचन धरा आणि स्पॅमच्या जागी आजार समजा. १०० माणसं, ४० आजारी. त्यातले ३५ चाचणीने पकडले. सेन्सिटिव्हिटी ३५/४०, म्हणजे ०.८७५. निरोगी ६०, त्यातले ५० निगेटिव्ह आले. स्पेसिफिसिटी ५०/६०, म्हणजे सहातले पाच. पॉझिटिव्ह आलेल्या ४५ पैकी ३५ खरे, ०.७८.

आता हीच चाचणी शिबिरात न्या. तिथे लक्षणं नसलेले लोकही येतात. १,००० माणसं आणि आजारी तेवढेच ४० धरू. आजाऱ्यांमधले ३५ पकडले जातील, तिथे काही बदललं नाही. निरोगी मात्र ९६० आहेत, आणि सहातला एक चुकून पॉझिटिव्ह येतो. ९६० चा सहावा हिस्सा १६०. पॉझिटिव्ह एकूण ३५ अधिक १६०, म्हणजे १९५. त्यातले खरे ३५. ३५/१९५, ०.१८ च्या आसपास. म्हणजे पाच पॉझिटिव्हपैकी एकसुद्धा खरा धड नाही.

चाचणी तीच आहे आणि हातही तोच आहे. फक्त कोणाची चाचणी केली ते बदललं आणि प्रिसिजन ०.७८ वरून ०.१८ वर आलं. सेन्सिटिव्हिटी काढताना आपण फक्त आजाऱ्यांच्या गटात पाहतो, स्पेसिफिसिटी काढताना फक्त निरोगी लोकांच्या. गट केवढा आहे याने त्या दोन्ही हलत नाहीत. प्रिसिजनच्या छेदात दोन्ही गट मिसळतात, म्हणून मिश्रण बदललं की ते बदलतं. किटच्या कागदावर ते छापलेलं नसतं त्यामागचं कारण हेच: आजाराचं प्रमाण किती हे सांगितल्याशिवाय त्याचा एक आकडा देताच येत नाही.

एक मात्र जपून. लक्षणं असलेल्यांमध्ये आजार बळावलेला असतो, शिबिरात सौम्य असू शकतो. मग सेन्सिटिव्हिटीही जशीच्या तशी राहीलच असं नाही. मी ती तशी धरून हिशेब केला आहे.

शर्वरी, या एक हजारांच्या तक्त्याची अॅक्युरसी काढ. ३५ आणि ८०० मिळून ८३५, म्हणजे ०.८३५. आता असं यंत्र समज जे प्रत्येकाला "निगेटिव्ह" म्हणतं. त्याची अॅक्युरसी ०.९६. आजारी एकही पकडला नाही आणि अॅक्युरसी जास्त. क्विझमध्ये "अॅक्युरसी ९६ टक्के, तरी मॉडेल निरुपयोगी का?" असा प्रश्न आला की हा तक्ता आठव.

मंगल_नाशिक · बुधवार, रात्री १०.५५

अनघाताई, १६० चा आकडा वाचून अंगावर काटा आला. शिबिरानंतर "पॉझिटिव्ह" कळल्यावर लोकांचे चेहरे कसे होतात ते मी समोर बसून पाहिलंय. आम्ही दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय अंतिम अहवाल देत नाही, पण मधले तीन दिवस त्या माणसाचे जायचे तसे जातातच. उद्या हा हिशेब डॉक्टरांना कागदावर करून दाखवते. आमच्या भागातलं प्रमाण काय धरायचं ते त्यांनाच विचारावं लागेल.

बाबा_ठाणे · गुरुवार, सकाळी ८.००

परवा मी अॅक्युरसी आणि प्रिसिजन यांत गोंधळ केला, डेटा_चिंचवड यांनी लक्षात आणून दिलं ते बरं झालं. रात्री मुलीबरोबर बसलो. तिच्या वर्कशीटमध्ये जंगलातल्या वणव्याचं उदाहरण आहे. तक्त्यावर "प्रेडिक्शन" आणि "रिअॅलिटी" असे शब्द स्पष्ट छापलेले आहेत, त्यामुळे शर्वरीसारखी पंचाईत नाही. आकडे असे: वणवा सांगितला आणि होता १२. सांगितला पण नव्हता ०. सांगितला नाही पण होता २८. दोन्हीकडे नाही ६०.

मुलीने प्रिसिजन १ काढलं आणि म्हणाली, "बाबा, मॉडेल परफेक्ट आहे." मी म्हटलं, अगं २८ ठिकाणी जंगल जळलं की! मग तिने रिकॉल काढला, १२/४०, ०.३. तिला सूत्र पाठ होतं, पण ४० कुठून आले ते माझ्या २८ वरून तिला दिसलं. प्रश्न असा आहे की "इथे कुठलं मोजमाप महत्त्वाचं?" आम्ही रिकॉल लिहिलं. बरोबर आहे ना?

अनघा_जो · गुरुवार, सकाळी ८.४०

बरोबर. वणवा सुटला तर नुकसान मोठं, खोटी सूचना आली तर गाडीची एक फेरी वाया. म्हणून रिकॉल. आणि तुम्ही "२८ ठिकाणी जळलं" असं म्हणालात ना, तेच शिकवणं. रिकॉल काढताना बोट सत्याच्या गटावर ठेवायचं, खरोखर पेटलेल्या चाळीसवर. प्रिसिजन काढताना मॉडेलने सांगितलेल्या गटावर, त्या बारावर.

डेटा_चिंचवड · गुरुवार, सकाळी ११.१५

मी "हा नियम आहे" असं लिहिलं ते मागे घेतो. सायकिट-लर्नची ती रीत आहे एवढंच. रात्री जुनं काम उघडून बघितलं, तर मी स्वतः यात अडकलो होतो हे आठवलं, फक्त तेव्हा कारण नीट समजलं नव्हतं.

आमच्या एका प्रकल्पात लेबलं शून्य-एक नव्हती, `fraud` आणि `normal` असे शब्द होते. सायकिट-लर्न शब्द अकारविल्हे लावतं, म्हणून `fraud` पहिला आला आणि पॉझिटिव्ह वर डावीकडे गेला. मी सवयीने ही ओळ लिहिली:

```python
tn, fp, fn, tp = confusion_matrix(y_true, y_pred).ravel()
```

चार नावं चुकीच्या खणांना चिकटली. एरर काही नाही, आकडे व्यवस्थित, प्रिसिजन ०.९९ च्या वर. ते प्रिसिजन `normal` व्यवहारांचं होतं. नेहमीचे व्यवहार नेहमीचे आहेत हे ओळखण्यात मॉडेल पटाईत निघालं, आणि आम्ही तो आकडा दोन आठवडे सादरीकरणात दाखवला. `precision_score` वापरलं असतं तर बरं झालं असतं. शब्दांची लेबलं असताना `pos_label` दिलं नाही तर ते एरर देऊन थांबतं. हाताने चार आकडे काढल्यामुळे ती राखण गेली. आता मी `labels=['normal', 'fraud']` असा क्रम स्वतः लिहितो.

तरीही माझं एक म्हणणं कायम आहे. शीर्षक नसेल आणि कंसातली पायथॉनची मॅट्रिक्स असेल, तर पायथॉनचीच रीत धरायची. सातव्या प्रश्नाबाबत कोर्सवाले बरोबर आहेत.

निखिल_आर · गुरुवार, दुपारी १२.०५

याला माझी हरकत नाही. आउटपुटचं रूपच शीर्षकाचं काम करतं. चौथ्या प्रश्नात तसं काही नव्हतं एवढाच मुद्दा.

शर्वरी_सांगली · गुरुवार, संध्याकाळी ७.२०

सगळ्यांचं वाचून सातवा आणि चौथा दोन्ही परत सोडवले, आता चारही वाचनं डोळ्यांसमोर येतात. बेरजा कडेला लिहायची सवय आजपासून.

अजून एक अडलंय. सराव प्रश्नात मॉडेलने एकालाही स्पॅम म्हटलं नव्हतं. स्पॅम म्हटलेले शून्य, त्यातले खरे शून्य. प्रिसिजन किती? एका सराव संचात उत्तर "०" आहे, दुसऱ्यात "काढता येत नाही". दोन्हींत पर्याय सारखेच होते.

डेटा_चिंचवड · गुरुवार, संध्याकाळी ७.४५

`precision_score` ०.० देतं आणि सोबत `UndefinedMetricWarning` दाखवतं. `zero_division=1` लिहिलं तर १ सुद्धा देतं. कामात मी ० च धरतो. अशा मॉडेलला शून्याखेरीज काही दिलं तर दहा मॉडेलांच्या तुलनेत ते उगाच वर चढून बसतं.

अनघा_जो · गुरुवार, रात्री ९.३०

मी "काढता येत नाही" या बाजूची. शून्य भागिले शून्य याला उत्तर नाही. तुम्ही म्हणता तो ० हा तुलनेच्या सोयीसाठी घेतलेला निर्णय आहे, आणि सॉफ्टवेअर स्वतःच इशारा देऊन ते सांगतं आहे. प्रिसिजन ० म्हणजे "स्पॅम म्हटलेलं सगळं चुकलं". या मॉडेलने तर काही म्हटलंच नाही. दोन्हींना एकच आकडा दिला तर हा फरक पुसला जातो. रिकॉल मात्र इथे नक्की ० आहे, कारण स्पॅम मेल होते आणि एकही सापडला नाही.

डेटा_चिंचवड · गुरुवार, रात्री ९.५०

फरक पुसला जातो हे मान्य. पण अहवालाच्या रकान्यात काहीतरी भरावंच लागतं, आणि रिकामी जागा दिसली की सरासरी काढणारा माणूस ती ओळच गाळून टाकतो. मी ० वरच थांबतो.

शर्वरी_सांगली · शुक्रवार, दुपारी ४.१०

हरकत पाठवली. डेटा_चिंचवड यांचा कोड आणि निखिल सरांचं आउटपुट शेजारी-शेजारी ठेवलं, खाली अनघा मॅडमची चार वाचनं लिहिली, आणि ओळी कशाच्या आहेत ते प्रश्नात लिहावं अशी विनंती केली. आत्ताच उत्तर आलं: चौथ्या प्रश्नाचा गुण सगळ्यांना दिला आहे आणि पुढच्या तुकडीसाठी तक्त्याला शीर्षकं टाकतील. शून्य भागिले शून्यबद्दलही विचारलं होतं, त्यावर काही लिहिलेलं नाही. तो प्रश्न पुढच्या आठवड्याच्या क्विझमध्ये आला तर काय पर्याय असतात ते इथे टाकते.